ध्रुवपदाची जागा

कवितेचे गीत होते तेव्हा पहिला निर्णय रागाचा असतो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते तो बरोबर नाही. रागाच्याही आधी रचनाकाराला एक निवड करावी लागते. कवितेतील कोणत्या ओळीकडे पुनःपुन्हा परतायचे, ही ती निवड होय. छापील पानावर प्रत्येक ओळ वाचकाला एकदाच भेटते. गाण्यात मात्र एक ओळ सहा-सात वेळा भेटते आणि बाकीच्या ओळी तिच्या भोवती फिरू लागतात. कवीने सर्व ओळींना सारखा मान दिलेला असतो, गायक त्यांपैकी एकीला गृहस्वामिनी करतो. ही ओळ कोणती असावी याचा विचार संगीतज्ञ 'मुखडा' या नावाखाली करतात. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तो आपला प्रांतच मानलेला नाही. वास्तविक हा प्रश्न मुळात अर्थाचा आहे, म्हणून येथे त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारासाठी हुबळी-धारवाडचा परिसर विशेष सोयीचा आहे. ध्रुवपद तीन ठिकाणी बसू शकते आणि तिन्ही पद्धती या एका परिसरात शेजारी शेजारी नांदलेल्या आहेत. पुरंदरदासादि हरिदासांच्या कन्नड पदांत 'पल्लवी' आरंभीच असते व प्रत्येक चरणानंतर गायक तिच्याकडे परततो. वारकऱ्यांच्या मराठी अभंगात ध्रुवपद बहुधा दुसऱ्या जागी असते. आणि ज्यांची घरची भाषा मराठी होती व काव्यभाषा कन्नड होती, त्या धारवाडच्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या एका सुप्रसिद्ध कवितेत ध्रुवपद प्रत्येक कडव्याच्या शेवटी आहे. आरंभ, दुसरे स्थान आणि शेवट असे हे तीन प्रकार आहेत. जागा बदलली की कवितेचा अर्थ कसा बदलतो, हे आम्हांस दाखवावयाचे आहे.

प्रथम अभंग घेऊ. तुकोबांची छापील गाथा उघडली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या कडव्यापुढे एकचा आकडा असतो. दुसऱ्यापुढे मात्र दोनचा आकडा नसून 'ध्रु' हे अक्षर असते, आणि दोनचा आकडा तिसऱ्या कडव्यापुढे येतो. म्हणजे ध्रुवपद मोजणीत धरलेलेच नाही. ते कडव्यांच्या रांगेतले एक कडवे नव्हे, रांगेतील प्रत्येकाने ज्याच्याकडे वळावे असे ते स्थान आहे. पाठ्यपुस्तकांत अभंग घेताना संपादक पुष्कळदा हे अक्षर गाळतात आणि कडव्यांना सरळ एक, दोन, तीन असे आकडे घालतात. त्यामुळे अभंग कसा म्हणावयाचा याची मुळातली सूचनाच विद्यार्थ्यापासून दूर राहते.

उदाहरणासाठी विटेवरच्या विठ्ठलाचे ध्यान वर्णन करणारा तुकोबांचा सर्वपरिचित अभंग पाहावा. गाथेच्या अगदी आरंभी तो येतो. त्याच्या पहिल्या कडव्यात मूर्तीचे दर्शन आहे. ती कोठे उभी आहे आणि हात कोठे ठेवले आहेत, एवढेच तेथे सांगितले आहे. ध्रुवपदाच्या पूर्वार्धात गळ्यातील तुळशीचे हार व कमरेचा पीतांबर येतो. त्याच्या उत्तरार्धात मात्र एकाएकी बोलणारा माणूस प्रकट होतो आणि हे रूप आपल्याला निरंतर आवडते असे सांगतो. पुढच्या कडव्यात कानांतील कुंडले आणि कंठातील कौस्तुभ आहे, म्हणजे पुन्हा वर्णनच आहे. शेवटी तुकोबा आपल्या नावाने बोलतात, हेच आपले सर्व सुख असून ते श्रीमुख आपण आवडीने पाहू असे म्हणतात.

आता या अभंगात कोठे परतावे? गाथेच्या खुणेप्रमाणे परतल्यास प्रत्येक वर्णनानंतर भक्ताची आवड उमटते. कुंडले पाहिली आणि आवड सांगितली, कौस्तुभ पाहिला आणि आवड सांगितली, असा क्रम लागतो. शेवटच्या कडव्यातील 'आवडीने' हा शब्द ध्रुवपदातील 'आवडे' या क्रियापदाशी जाऊन मिळतो, आणि अभंगाचे वर्तुळ पुरे होते. उलट पहिल्या ओळीला मुखडा केले, तर प्रत्येक वेळी आपण मूर्तीपाशी परततो, भक्तापाशी नव्हे. गाणे त्यामुळे वाईट होते असे नाही. या रीतीने गायिलेल्या सुंदर चाली आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. परंतु अभंगाचा आशय थोडा सरकतो. एका वाचनात तो आवडीचा अभंग आहे, दुसऱ्यात तो रूपाचा अभंग होतो. 'ध्रु' हे अक्षर यांतील पहिल्या वाचनाच्या बाजूने साक्ष देते.

मग पहिल्या ओळीकडेच परतण्याची सवय एवढी बळावली कशी? पद आणि ठुमरी यांचा संस्कार हे एक कारण आहेच. ध्वनिमुद्रिकेची शिस्त हे दुसरे कारण असावे असा आमचा तर्क आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तबकडीच्या लेबलावर, यादीत व नभोवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणे ओळखले जाई ते त्याच्या पहिल्या शब्दांनी. साहजिकच जे शब्द लेबलावर, तेच कानावर वारंवार पडावेत हे सोयीचे ठरले. ज्या गंगूबाई हनगल यांचे नाव हुबळीशी कायमचे जोडले गेले, त्यांच्या १९३०च्या दशकातील आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत मराठी भावगीतेही आहेत, आणि त्यांवर त्यांचे नाव 'गांधारी' असे छापलेले आहे. त्या काळी मराठी भावगीत नुकतेच आकार घेत होते आणि तीन मिनिटांच्या मापातच त्याला आकार घ्यावा लागला. कडवी किती ठेवावयाची आणि मुखड्याकडे किती वेळा परतावयाचे, याचा हिशेब कवीच्या वहीत होत नव्हता. तो तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंतच्या अंतरात होत होता.

हा हिशेब कवितेला कोठे पेलतो आणि कोठे पेलत नाही, हे पाहण्यासाठी बेंद्र्यांच्या कवितेकडे वळू. बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाडला झाला. 'अंबिकातनयदत्त' या नावाने त्यांनी कन्नडमध्ये विपुल काव्यलेखन केले, आणि १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांच्या 'नाकु तंति' या संग्रहाचा गौरव झाला. आम्ही येथे घेत आहोत ती त्यांची कविता 'हक्कि हारुतिदे नोडिदिरा' ही होय. १९३२ साली निघालेल्या 'गरि' या संग्रहात ती आहे. त्यापूर्वीच, १९२९ साली बेळगावच्या कन्नड साहित्य संमेलनात कवीने ती म्हणून दाखविली होती. पक्षी उडत आहे, तो तुम्ही पाहिलात का, असा शीर्षकाचा अर्थ आहे. हा पक्षी म्हणजे काळ होय. कविता सात कडव्यांची असून प्रत्येक कडव्यात पाच ओळी आहेत. पाचवी ओळ सर्वत्र एकच आहे आणि तेच कवितेचे शीर्षक आहे.

या पाचव्या ओळीचे आणि आधीच्या चार ओळींचे नाते व्याकरणाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या कडव्याच्या चार ओळींत रात्री सरून दिवस उजाडणे, आजूबाजूला, वर आणि खाली, कोसच्या कोस पुढे, पापणी लवण्याच्या आत, असे सारे क्रियाविशेषणांचे तुकडे आहेत. त्यांना मुख्य क्रियापदच नाही. ते पाचव्या ओळीत येते. तोवर ऐकणारा एका अपूर्ण वाक्यात तरंगत असतो, आणि पाचव्या ओळीत पक्षी दिसतो तेव्हा वाक्य पुरे होते. चौथ्या कडव्यात राज्ये आणि साम्राज्ये कणसांसारखी मळून, सार्वभौम राजांच्या माथ्यावर चोच मारून, अशी आपल्या 'ऊन'प्रत्ययान्त धातुसाधितांसारखी रूपे येतात. तीही पाचव्या ओळीवरच टेकलेली आहेत. दुसऱ्या कडव्यात मात्र पक्ष्याच्या पिसांचे व पंखांचे वर्णन स्वतंत्र वाक्यांत आहे. तेथे पाचवी ओळ वाक्य पुरे करीत नाही, ती नव्याने प्रश्न विचारते. म्हणजे ओळ तीच असली, तरी सांधा प्रत्येक कडव्यात सारखा नाही.

आता या कवितेचे गीत करणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली वाट रूढ भावगीताची. तिच्यात कवितेची प्रत्यक्ष पहिली ओळ मुखडा होते. ही वाट आपोआप बंद होते, कारण त्या ओळीला क्रियापद नाही. तिच्याकडे परतणे म्हणजे अर्धवट वाक्याकडे परतणे होय. शिवाय दर कडव्याच्या शेवटी कवीने एक ध्रुवपद दिलेलेच आहे. दोन ध्रुवपदांचे गाणे दोन उंबरठ्यांच्या दारासारखे होते. माणूस पहिला ओलांडतो आणि दुसऱ्याला अडखळतो.

दुसरी वाट म्हणजे पाचवी ओळ उचलून आरंभी आणणे, म्हणजेच तिला पल्लवी करणे. ही वाट मोहक आहे आणि तिच्या बाजूने एक सबळ युक्तिवादही आहे. ही ओळ शीर्षकच असल्यामुळे छापील पानावरही वाचकाला ती प्रथम भेटतेच. मग गायकाने ती आरंभी म्हटली तर काय बिघडले? आमचे उत्तर असे की, शीर्षक हे दारावरच्या पाटीसारखे असते. आपण ती डोळ्यांनी वाचतो आणि आत शिरतो. गायिलेली ओळ मात्र स्वरांत बसते, दोनदा-तीनदा म्हटली जाते आणि तेथेच स्थिर होते. मग पहिल्या कडव्याच्या शेवटी ती आली तर ती पुनरावृत्ती असते, शोध नसतो. कवीने चार ओळी राखून ठेवलेला पक्षी गायकाने आधीच पिंजऱ्यात दाखविलेला असतो. शिवाय प्रश्नाचा भाव बदलतो. आरंभी विचारलेला प्रश्न कोड्यासारखा होतो आणि कडवी त्याची उत्तरे होतात. कडव्याच्या शेवटी विचारलेला प्रश्न हे आव्हान असते. एवढे सारे तुमच्यासमोर घडत असताना तुम्ही ते पाहिले का, असे तो विचारतो.

तिसरी वाट कवीने आखलेलीच आहे. ध्रुवपद शेवटीच ठेवावे. ही वाट स्वीकारल्यास दोन अडचणी येतात. त्यांचे निवारण होऊ शकते, परंतु त्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली अडचण लयीची. कवितेच्या साध्या ओळी चार चार मात्रांच्या चार गटांत, म्हणजे सोळा मात्रांत, सरळ चालतात. ध्रुवपदाचे तीन शब्द मात्र अनुक्रमे तीन, पाच व सहा मात्रांचे आहेत. त्यांची बेरीज चौदा होते. म्हणजे या ओळीची पहिली पावलेच वेगळी पडतात आणि शेवटी दोन मात्रांची जागा मोकळी राहते. केरव्यात ही ओळ बसविताना समेवर कोणता शब्द आणावयाचा हे ठरवावे लागते. 'हक्कि' हा शब्द समेवर आला तर जोर पक्ष्यावर पडतो. तो शब्द समेच्या आधीच उचलून 'हारुतिदे'चे पहिले दीर्घ अक्षर समेवर आणले, तर जोर उडण्यावर पडतो. आम्हांस दुसरी रीत उचित वाटते, कारण काळाचे भान पक्ष्याच्या असण्याने येत नसून त्याच्या सरण्याने येते. यासाठी चौथ्या ओळीनंतर लहानसा विसावा ठेवणे आवश्यक होते. तो विसावा तालातच असावा, तेथे वाद्यांचा तुकडा घालू नये. चौथ्या व पाचव्या ओळींच्या मध्ये वाद्यवृंद शिरला, तर पहिल्या व चौथ्या कडव्यांत वाक्य मध्येच तुटते. क्रियाविशेषणे एका तीरावर राहतात आणि क्रियापद दुसऱ्या तीरावर जाते. वाद्यांची जागा ध्रुवपदानंतर आहे, आधी नव्हे. ऐकताना हा दोष चटकन ओळखता येतो. गाणे थांबते, पण अर्थ थांबलेला नसतो.

दुसरी अडचण स्वराची. ध्रुवपदाचा धर्म घरी येण्याचा असतो, म्हणून ते षड्जावर टेकते. येथे ध्रुवपद हा प्रश्न आहे, आणि षड्जावर टेकलेला प्रश्न विधानासारखा ऐकू येतो. पक्षी उडत आहे आणि तुम्ही तो पाहिलात, अशी जणू खात्री त्यातून मिळते. म्हणून ही ओळ पंचमावर किंवा ऋषभावर थांबवून मोकळी ठेवावी आणि ओळीतील उरलेल्या दोन मात्रा रिकाम्याच सोडाव्यात, असे आम्ही सुचवू. त्या रिकाम्या जागेत ऐकणारा आपल्या मनाशी उत्तर देतो. सातव्या कडव्यात तर हे अधिकच आवश्यक आहे. तेथे पक्ष्याने दिशांच्या कडेपलीकडे चोच लांबविली आहे, आणि त्याचा डाव कोणाला ठाऊक, असा प्रश्न ध्रुवपदाच्या आधीच येतो. एका प्रश्नामागून दुसरा प्रश्न येऊन कविता संपते. गायकाने येथे रिवाजाप्रमाणे षड्जावर समाप्ती केली, तर कवीने उघडे ठेवलेले दार तो लावून टाकतो.

आता वेळेचा हिशेब. सोळा मात्रांची एक ओळ केरव्याच्या एका आवर्तनात बसविली आणि आवर्तनाला चार सेकंद धरले, तर प्रत्येक ओळ दोनदा म्हणून एका कडव्याला चाळीस सेकंद लागतात. सात कडव्यांना दोनशे ऐंशी सेकंद होतात. वाद्यांचे तुकडे धरून गाणे सहज पाच मिनिटांच्या पुढे जाते. तीन मिनिटांच्या मापात तीनच कडवी बसतात. कोणती ठेवावीत? पहिले व सातवे अटळ आहे. पहिल्यात पापणी लवण्याचा क्षण आहे आणि सातव्यात ब्रह्मांडाची कड आहे. या दोन टोकांवाचून पक्ष्याच्या पंखांचा विस्तार कळत नाही. मधले कोणते घ्यावे याचा निर्णय ध्रुवपदालाच विचारावा. चौथ्या कडव्यातील साम्राज्ये वाचकाला मोह घालतात, परंतु ती इतिहासातील आहेत. तिसऱ्या कडव्यात पक्षी आभाळाच्या रंगाचा आहे, ताऱ्यांची माळ त्याने खोवली आहे आणि सूर्यचंद्र त्याचे डोळे आहेत. जे आपण रोज पाहतो तेच पक्षी आहे असे सांगून 'पाहिलात का' असे विचारण्यात जी धार आहे, ती चौथ्यात नाही. म्हणून आम्ही तिसरे कडवे ठेवू.

येथे एक आक्षेप संभवतो. ध्रुवपद शेवटी ठेवले तर गाण्याच्या आरंभी श्रोत्याला धरावयास काहीच मिळत नाही, चार ओळी तो चाचपडतो. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला सुंदर उत्तरही आहे. ध्रुवपदाची चाल आरंभी केवळ वाद्यावर वाजवावी, शब्द मात्र पाचव्या ओळीपर्यंत राखून ठेवावेत. म्हणजे कानाला घर मिळते आणि मनाला उत्सुकता राहते. चालीने आधीच ओळख दिलेली असते. पुढे त्या ओळखीच्या स्वरांवर पक्षी प्रथमच येऊन बसतो, तेव्हा श्रोत्याला जुने आणि नवे एकाच क्षणी भेटते. पल्लवीची सोय आणि कवीची योजना यांचा असा मेळ घालता येतो.

या दोन उदाहरणांवरून वर्गात वापरता येण्याजोगी एक कसोटी निघते. ध्रुवपद म्हणून जी ओळ मनात असेल, ती प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीमागून मोठ्याने वाचावी. दोहोंच्या मध्ये थांबू नये. असे करताना तीन गोष्टी पाहाव्यात. वाक्य जुळते का, बोलणारा तोच राहतो का, आणि परतल्यावर त्या ओळीत काही नवे ऐकू येते का? पहिल्या दोन गोष्टी साधल्या आणि तिसरी साधली नाही, तर ती ओळ चालीला सोयीची असेल, पण ध्रुवपद होण्यास पात्र नाही. तुकोबांच्या अभंगात 'आवडते' हे सांगणे कुंडलांनंतर वेगळे आणि 'हेच माझे सुख' यानंतर वेगळे ऐकू येते. बेंद्र्यांचा प्रश्न पापणीनंतर कुतूहलाचा वाटतो, सूर्यचंद्रांनंतर विस्मयाचा वाटतो आणि ब्रह्मांडाच्या कडेला भयाचा वाटतो. ओळीतील एक अक्षरही बदललेले नसते, परंतु तिच्या मागे उभे असलेले कडवे बदललेले असते.

ही कसोटी लावल्यावर पुष्कळ कवितांत पहिलीच ओळ योग्य ठरेल, हे आम्हांस मान्य आहे. अनेक कवी मनात चाल धरूनच पहिली ओळ लिहितात आणि तिच्यात परतण्याजोगी जागा ठेवतात. काही कवितांत मात्र एकही ओळ कसोटीस उतरणार नाही. ज्या कवितेत विचार पायरीपायरीने पुढे जातो आणि मागे वळणे म्हणजे चढलेली पायरी उतरणे होते, तिला ध्रुवपद लावू नये. ती सलग म्हणावी, किंवा गाऊच नये. अशा कवितेच्या पहिल्या ओळीला केवळ रिवाज म्हणून मुखडा केले की, कवी जेथून निघाला तेथेच त्याला प्रत्येक कडव्यानंतर ओढून आणले जाते, आणि कविता कोठे पोचली हे श्रोत्याला शेवटपर्यंत कळत नाही.